ऑगस्ट कोरडा दाखवणारा आलेख : मजकूर होऊन बसलेल्या आकड्यांचं एक प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासद बहुतेक सोयाबीन आणि तुरीचे. कंपनीच्या कार्यालयात हिशेब, पावत्या, सभासदांची कागदपत्रं सगळं एक ताई सांभाळतात. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये काही अडलं की त्या मला बोलावतात. हे प्रकरण २०२३ नंतरच्या एका खरिपातलं आहे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं.

२०२३ चा उल्लेख मुद्दाम केला. त्या वर्षीचा ऑगस्ट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. हवामान विभागाच्या नोंदींत १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना सोयाबीन वाळलं. सलग २१ दिवसांपेक्षा जास्त पावसाचा खंड पडलेल्या महसूल मंडळांत पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमानं २५ टक्के आगाऊ भरपाई मागायची, हे तेव्हापासून प्रत्येक गावात तोंडपाठ झालं. त्यामुळे पुढे एका हंगामात ताईंच्या शीटमधला आलेख अख्खा ऑगस्ट शून्यावर दाखवू लागला, तेव्हा तो कुणालाच खोटा वाटला नाही. तालुका कृषी कार्यालयात द्यायचं निवेदन टाइप झालं होतं, आलेख त्याला जोडायचा होता. त्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून मला बोलावलं.

शीट साधी होती. `Sheet1` मध्ये `A` रकान्यात १ जून ते ३१ ऑगस्टच्या तारखा, `B` मध्ये त्या दिवशीचा मंडळातला पाऊस मिलिमीटरमध्ये. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून नोंदी ओळ २ ते ९३, एकूण ९२ दिवस. जून-जुलैचे आकडे ताईंनी छापील तक्त्यावरून हातानं भरले होते. ऑगस्टला सोयाबीनच्या फवारणीची धांदल होती, वेळ नव्हता, म्हणून एका संकेतस्थळावरचा तक्ता निवडून, कॉपी करून तसाच खाली चिकटवला होता. सगळा रकाना नंतर मध्यभागी आणून, रेघा मारून नीटनेटका केलेला.

या शीटवरून दोन आलेख काढले होते. पहिला रोजच्या पावसाचा स्तंभालेख. जून-जुलैत उंच-बुटके स्तंभ, जुलैमधला सर्वांत मोठा ४२ मिमीचा, आणि ३० जुलैनंतर काहीच नाही. ३१ जुलै ते ३१ ऑगस्ट, सलग ३२ दिवस कोरडे. दुसरा आलेख `Sheet2` वरचा, महिनावार : नेहमीची सरासरी आणि यंदाचा पाऊस शेजारी शेजारी दिसावा म्हणून. त्यातही ऑगस्टचा स्तंभ शून्य. दोन आलेख एकच गोष्ट सांगत होते, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नव्हती.

अडखळले ते अण्णा. कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी आलेखाची प्रिंट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "अवो, सोळाच्या रात्री ओढा पुलावरून गेला की. सकाळी दूध घालायला जाता आलं नाही कुणाला. हे कोरडं कसं?"

ताई म्हणाल्या, "अण्णा, आलेख तर शीटवरूनच निघालाय. मी हातानं काही केलेलं नाही."

दोघंही खरं बोलत होते.

## आकडा दिसतो, पण आकडा नसतो

हवामानाच्या नोंदीत सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणजे सोळाच्या रात्रीचा पाऊस १७ ऑगस्टच्या ओळीत हवा. ती ओळ ७९. `B79` मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं : 68.0. आलेखात त्या जागी शून्य.

त्याच ओळीत पुढे `C` रकान्यात आणखी एक गंमत नव्हे, चांगलाच पुरावा होता. कोरडा दिवस आणि पावसाचा दिवस वेगळे कळावेत म्हणून ताईंनी एक सूत्र घातलं होतं. हवामान विभाग २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो, त्या हिशेबानं :

```
=IF(B2>=2.5,"पाऊस","कोरडा")
```

जून-जुलैत हे सूत्र बरोबर चाललं होतं. ऑगस्टमध्ये मात्र एकतीसच्या एकतीस ओळींसमोर "पाऊस" आला होता. 68.0 समोर पाऊस, आणि 0.0 समोरही पाऊस. दोन ओळींत आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ होती, तिच्यासमोरही पाऊस. म्हणजे एकाच रकान्यावरून आलेख म्हणत होता महिनाभर थेंब नाही, आणि शेजारचं सूत्र म्हणत होतं रोज पाऊस. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मला या एका विसंगतीवरून ऐंशी टक्के निदान झालं.

कारण असं. एक्सेलच्या दृष्टीनं पेशीत आकडा तरी असतो नाहीतर मजकूर, आणि मजकुराशी कसं वागायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरलेलं आहे. तुलना करताना एक्सेल कुठल्याही मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. त्यामुळे "0.0" हा मजकूर असेल, तर तो 2.5 पेक्षा मोठा ठरतो आणि `IF` "पाऊस" म्हणून मोकळं होतं. आलेख मात्र मोजमापाच्या जागी मजकूर आला की त्याची उंची शून्य धरतो. आणि `SUM` व `MAX` ला रकाना दिला की त्यातला मजकूर ती सूत्रं वगळतात. ऑगस्टमध्ये तर वगळल्यावर काहीच उरत नव्हतं, म्हणून बेरीज शून्य आणि सर्वांत मोठा आकडाही शून्य. `Sheet2` वरचा ऑगस्टचा स्तंभ याच बेरजेवरून आला होता. दोन आलेखांचं एकमत झालं होतं ते पावसाबद्दल नव्हे, दोघांचं मूळ एकच बिघडलेलं होतं म्हणून.

ओरडलं असतं असं एकच नेहमीचं सूत्र आहे, `AVERAGE`. सगळाच मजकूर असेल तर त्याला भागायला काही मिळत नाही आणि ते `#DIV/0!` दाखवतं. ताईंनी ऑगस्टची रोजची सरासरी काढली असती, तर त्याच दिवशी कळलं असतं. पण पावसाची रोजची सरासरी कोण काढतं? सगळे बेरीजच करतात.

पूर्ण रकाना मजकूर असता तर आलेखानंही चुगली केली असती. सगळीच मूल्यं शून्य असली की उभ्या अक्षावर 0 ते 1 अशी विचित्र मोजपट्टी येते, आणि पावसाच्या आलेखात ती लगेच खटकते. इथे जून-जुलैचे खरे आकडे होते, त्यांच्यामुळे अक्ष 45 पर्यंत व्यवस्थित होता. अर्धा चांगला आणि अर्धा बिघडलेला रकाना पूर्ण बिघडलेल्यापेक्षा जास्त फसवतो. आणि मोजायची गोष्ट पाऊस असेल तर आणखीच, कारण पावसात शून्य ही रोजची, खरीखुरी नोंद असते. सोयाबीनच्या भावाच्या आलेखात शून्य आला तर शेंबडं पोरही म्हणेल की काहीतरी चुकलं. पावसाच्या आलेखातलं शून्य मराठवाड्यात कुणालाही पटतं.

## तपासणी

पहिली खूण डोळ्यांना दिसणारी असते : एक्सेल स्वतःहून आकडे पेशीत उजवीकडे टेकवतं आणि मजकूर डावीकडे. पण रकाना मध्यभागी आणलेला होता, त्यामुळे ती खूण पुसली गेली होती. रकाना निवडून मध्यभागी आणण्याचं बटण पुन्हा एकदा दाबलं आणि ओळ ६३ पासून खाली सगळे आकडे डावीकडे सरकले. वर जून-जुलैचे उजवीकडेच राहिले. ताई म्हणाल्या, "अगंबाई, इथूनच तर मी चिकटवलं होतं."

दुसरी तपासणी मोजून करायची. कुठल्यातरी रिकाम्या पेशीत ही दोन सूत्रं :

```
=COUNT(B2:B93)
=COUNTA(B2:B93)
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं, `COUNTA` काहीही भरलेलं असेल ते मोजतं. उत्तरं आली 61 आणि 92. जूनचे ३० आणि जुलैचे ३१ मिळून ६१. फरक ३१, म्हणजे पूर्ण ऑगस्ट. इतकी स्पष्ट फाळणी नेहमी मिळत नाही, पण फरक शून्य नसला की रकान्यात मजकूर घुसला आहे एवढं नक्की.

ताईंनी मी येण्याआधी दोन उपाय करून पाहिले होते. ते का चालले नाहीत ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच दोन करतात.

पहिला : रकाना निवडला, उजवं बटण, `Format Cells`, त्यात `Number`, दशांशानंतर एक अंक. काहीही बदललं नाही. बदलणारही नव्हतं. पेशीचं स्वरूप हे आत आकडा असेल तर तो कसा दाखवायचा एवढंच ठरवतं. आत मजकूर बसलेला असेल तर स्वरूप बदलून त्याचा आकडा होत नाही. साधा मजकूर-आकडा असेल तर स्वरूप बदलल्यावर त्या पेशीत `F2` आणि मग `Enter` दाबलं की एक्सेल तो नव्यानं वाचतं आणि आकडा करतं. इथे तेही लागू पडलं नाही.

दुसरा : रिकाम्या पेशीत 1 लिहून ती कॉपी करायची, रकाना निवडून `Paste Special` मधून `Multiply`. हा उपाय चांगला आहे आणि पुष्कळदा चालतो. गुणाकारासाठी एक्सेल मजकुराचा आकडा करायला बघतं, जमलं तर पेशीत आकडाच उरतो. इथे जमलं नाही, पेशी जशाच्या तशा राहिल्या.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. आकडा मजकूर म्हणून साठला असेल तर पेशीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा त्रिकोण येतो. ऑगस्टच्या एकाही पेशीवर तो नव्हता. त्रिकोण येतो तो एक्सेलला "हा मजकूर आकड्यासारखा वाचता येईल" असं वाटलं तरच. त्रिकोण नाही याचा अर्थ त्या 68.0 मध्ये एक्सेलला आकड्याशिवाय आणखी काहीतरी दिसत होतं, जे आपल्याला दिसत नव्हतं. लांबी मोजली :

```
=LEN(B79)
=LEN(TRIM(B79))
=UNICODE(RIGHT(B79,1))
```

68.0 मध्ये चार अक्षरं : दोन अंक, टिंब, एक अंक. `LEN` नं सांगितलं 5. शेवटी मोकळी जागा असेल म्हणून `TRIM` लावलं, तरी 5. तिसऱ्या सूत्रानं शेवटच्या अक्षराचा क्रमांक दिला : 160.

हा १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. स्पेसबारनं पडते ती साधी मोकळी जागा ३२ क्रमांकाची. वेबपानं लिहिणारे तक्त्यात अंतर राखायला किंवा आकडा आणि एकक वेगळ्या ओळींवर तुटू नयेत म्हणून `&nbsp;` असं लिहितात, तीच ही. पानावर ती साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते, आणि तक्ता कॉपी केला की आकड्याला चिकटून शीटमध्ये येते. `TRIM` फक्त ३२ क्रमांकाची जागा काढतं. `CLEAN` हे दुसरं सूत्र लोक सुचवतात, ते ० ते ३१ क्रमांकाची न दिसणारी चिन्हं काढतं. १६० दोघांच्याही हाती लागत नाही. आकड्यात रूपांतर करणारं `VALUE` तर तिला पाहून `#VALUE!` देतं.

## दुरुस्ती

मूळ चिकटवलेला रकाना आधी एका वेगळ्या शीटवर जसाच्या तसा ठेवला. दुरुस्तीत काही निसटलं तर परत जाऊन पाहायला तो लागतो, आणि या वेळी लागलाच. मग `D2` मध्ये :

```
=IF(ISNUMBER(B2),B2,VALUE(TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160),""))))
```

आधीच आकडा असेल तर तोच ठेवायचा. नसेल तर १६० क्रमांकाचं चिन्ह काढायचं, उरलेली साधी मोकळी जागा काढायची आणि मग आकडा करायचा. `UNICHAR` एक्सेल २०१३ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती विंडोजवर असेल तर `CHAR(160)` चालतं. सूत्र `D93` पर्यंत ओढलं.

घाईत असाल तर सूत्राशिवायही होतं. `Ctrl+H` दाबायचं, शोधायच्या चौकटीत `Alt` दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर 0160 टाइप करायचं, बदलायच्या चौकटीत काहीच लिहायचं नाही आणि `Replace All`. पेशीचं स्वरूप `Text` नसेल तर चिन्ह गेल्याबरोबर एक्सेल उरलेलं आकडा म्हणून वाचतं. लॅपटॉपवर वेगळं पॅड नसेल तर कुठल्याही बिघडलेल्या पेशीत जाऊन शेवटची ती मोकळी जागा निवडून कॉपी करायची आणि शोधायच्या चौकटीत चिकटवायची. मी तरी सूत्रच वापरतो, कारण ज्या पेशीचा आकडा होऊ शकत नाही ती सूत्रात तोंडावर येते.

आणि तशा दोन आल्या. `D67` आणि `D68`, ५ आणि ६ ऑगस्ट. तिथे `#VALUE!`. मूळ तक्त्यात या दोन दिवशी आकड्याऐवजी आडवी रेघ होती.

ताई म्हणाल्या, "दादा, तिथे शून्य टाकते. पाऊस नसेलच, म्हणून रेघ मारली असेल."

इथे मी थोडा हट्टानं थांबलो. त्याच तक्त्यात कोरड्या दिवशी 0.0 लिहिलेलं होतं. म्हणजे रेघ ही शून्याची खूण नव्हती, त्या दिवशीची नोंदच आलेली नव्हती. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खंड मोजताना तर त्यांतला फरक दिवसागणिक महत्त्वाचा. बरेच जण अशा वेळी पूर्ण सूत्र `IFERROR(...,0)` मध्ये गुंडाळतात, म्हणजे चुका दिसत नाहीत. पावसाच्या नोंदीत असं करणं म्हणजे आलेखानं जे न कळत केलं तेच आपण हातानं करणं. या दोन पेशी रिकाम्या ठेवायच्या असं ठरलं.

`D` रकाना कॉपी करून `B` वर `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवला, दोन चुकलेल्या पेशी रिकाम्या केल्या, `D` काढून टाकला. `COUNT` आता 90. आलेख `B` कडेच पाहत होता, त्यामुळे तो डोळ्यांसमोर बदलला. उभा अक्ष 45 वरून 80 वर गेला आणि १७ ऑगस्टला हंगामातला सर्वांत उंच स्तंभ उभा राहिला. अण्णा खुर्चीवरून पुढे सरकले आणि त्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाले, "हा बगा आमचा ओढा."

खरा ऑगस्ट असा होता : ३ तारखेला ४, ९ ला १२.५, १० ला ७, १७ ला ६८, १८ ला ३१.५, २४ ला ९.५, २५ ला १५ आणि २९ ला २४ मिमी. एकूण १७१.५. जूनचे ११२.५ आणि जुलैचे १८६ धरले तर तिन्ही महिन्यांचा पाऊस ४७० मिमी. जुनी शीट २९८.५ सांगत होती. सर्वांत मोठा कोरडा काळ ११ ते १६ ऑगस्ट, सहा दिवसांचा. ५ आणि ६ तारखेला पाऊस झाला असो वा नसो, २१ दिवसांच्या जवळपासही काही जात नव्हतं.

स्तंभालेखात रिकामी पेशी आणि शून्य दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीकडे स्तंभ नसतो. म्हणून आलेखाच्या शीर्षकाखाली "५ व ६ ऑगस्टची नोंद उपलब्ध नाही" असं लिहून टाकलं. `C` मधलं सूत्रही बदलावं लागलं, कारण तुलनेत एक्सेल रिकाम्या पेशीला शून्य मानतं आणि त्या दोन दिवसांपुढे आता "कोरडा" आलं होतं :

```
=IF(ISNUMBER(B2),IF(B2>=2.5,"पाऊस","कोरडा"),"नोंद नाही")
```

हे सूत्र पहिल्यापासून असतं तर चिकटवल्याच्या क्षणी अख्ख्या ऑगस्टपुढे "नोंद नाही" आलं असतं.

## दुसरा आलेख सुधारेना

`Sheet2` वर तीनच ओळी : जून, जुलै, ऑगस्ट. `A` मध्ये महिना, `B` मध्ये नेहमीची सरासरी, `C` मध्ये यंदाचा पाऊस. `C` मध्ये बेरजेची सूत्रं असल्यामुळे ऑगस्टचा स्तंभ आपोआप १७१.५ वर आला. पण सरासरीचे स्तंभ मुळातच नव्हते. प्रत्येक महिन्याला एकच स्तंभ होता आणि खाली आडव्या अक्षावर महिन्याच्या नावासोबत, दुसऱ्या थरात, सरासरीचा आकडा लेबल म्हणून छापलेला होता. बैठकीत कुणाला ते चूक वाटलं नव्हतं. उलट खाली आकडे दिलेत हे बरंच झालं, असं एका सभासदानं म्हटलं होतं.

सरासरी पीडीएफमधून एक्सेलमध्ये बदलून घेतलेली होती आणि तो रकाना `Text` स्वरूपात आला होता. इथे मात्र हिरवे त्रिकोण होते, आकड्याला दुसरं काही चिकटलेलं नव्हतं. तिन्ही पेशी निवडल्या, शेजारी आलेल्या पिवळ्या चिन्हावर क्लिक केलं, `Convert to Number`. आकडे उजवीकडे गेले, त्रिकोण गेले. आलेख तसाच राहिला.

ताईंना वाटलं पुन्हा काहीतरी अडलं. अडलं नव्हतं. आलेख पहिल्यांदा घालताना एक्सेल निवडलेल्या भागाकडे पाहून अंदाज करतं : डावीकडचे मजकुराचे रकाने म्हणजे नावं, त्यानंतरचे आकड्यांचे रकाने म्हणजे मोजायची मूल्यं. त्या वेळी `A` आणि `B` दोन्ही मजकूर होते, म्हणून दोन्ही नावांत गेले. हा अंदाज एकदाच होतो आणि आलेखात लिहून ठेवला जातो. नंतर पेशीतला मजकूर आकडा झाला तरी आलेख स्वतःची मांडणी पुन्हा ठरवत नाही. आलेखातल्या एका स्तंभावर क्लिक केलं की वरच्या सूत्रपट्टीत ही मांडणी वाचता येते :

```
=SERIES(Sheet2!$C$1,Sheet2!$A$2:$B$4,Sheet2!$C$2:$C$4,1)
```

पहिला भाग मालिकेचं नाव, दुसरा आडव्या अक्षावरची लेबलं, तिसरा मूल्यं. दुसऱ्या भागात `$A$2:$B$4` आहे, म्हणजे सरासरी लेबलांत अडकलेली. तिथे `$B$4` चं `$A$4` करून `Enter` दाबलं, अक्षावरचा सरासरीचा थर गेला. मग आलेखावर उजवं बटण, `Select Data`, `Add`, नावासाठी `B1` आणि मूल्यांसाठी `B2:B4`. सरासरीचे स्तंभ शेजारी उभे राहिले. एवढी खटपट नको असेल तर आलेख काढून टाकून तिन्ही रकाने निवडून नव्यानं घालावा, आता आकडे खरे असल्यामुळे अंदाज बरोबर येतो. रंग आणि शीर्षकांवर मेहनत घेतलेली असेल तर पहिला मार्ग बरा.

म्हणजे एकाच कार्यालयात, एकाच दुपारी, एकाच दुखण्याची दोन रूपं. आकडा मूल्यांच्या रकान्यात बसून मजकूर झाला तर आलेखात शून्य होतो आणि आकडे सुधारताच आलेख सुधारतो. आलेख घालण्याआधीच पूर्ण रकाना मजकूर असेल तर तो लेबल होतो, आणि मग आलेखाची मांडणीही हातानं सुधारावी लागते.

## निवेदनाचं काय झालं

टाइप झालेलं निवेदन बाजूला ठेवलं. अण्णांना वाईट वाटलं, पण त्यांनीच सांगितलं, "खंड नव्हता तर नव्हता. खोटं घेऊन साहेबांपुढं जायचं नाही." मंडळाच्या नोंदी कृषी कार्यालयाकडेही असतात. तिथे १७ तारखेला ६८ मिमी लिहिलेलं आणि आपल्या आलेखात शून्य, असं झालं असतं तर कंपनीच्या पुढच्या प्रत्येक कागदाकडे संशयानं पाहिलं गेलं असतं.

२४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की राज्यात ते मंडळ अतिवृष्टीत धरतात. ६८ त्याच्यावर होता. ओढ्याकाठच्या सभासदांच्या सोयाबीनमध्ये त्या वेळी पाणी साचलं होतं, पण सगळं बोलणं खंडाभोवतीच फिरत राहिल्यानं अतिवृष्टीकडे कंपनीचं लक्षच गेलं नव्हतं. पिकात पाणी साचल्याच्या नुकसानीची पूर्वसूचना विमा योजनेत तेव्हा ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. दोन-तीन सभासदांनी आपल्या फोनवरून तेव्हाच दिली होती, बाकीच्यांची मुदत निघून गेली होती. नवं निवेदन ताईंनी त्याच संध्याकाळी लिहिलं : १७ ऑगस्टच्या अतिवृष्टीचे पंचनामे व्हावेत, सोबत रोजच्या पावसाचा दुरुस्त आलेख, खाली दोन दिवसांची नोंद नसल्याची टीप.

शीटमध्ये त्यांनी स्वतःहून एक बदल केला, तो मला आवडला. वरती एक ओळ घातली आणि शीर्षकाच्या वर लाल अक्षरांत हे सूत्र बसवलं. ओळ घातल्यामुळे नोंदी आता ३ ते ९४ मध्ये आहेत :

```
=COUNTA(B3:B94)-COUNT(B3:B94)
```

शून्य असेल तर चिकटवलेलं सगळं आकडा आहे. सप्टेंबरचे तीस दिवस उतरवताना त्यांनी ते सूत्र `B124` पर्यंत वाढवलं, तक्ता चिकटवला, तिथे 30 आलं, आणि आलेखाकडे न पाहता आधी `Ctrl+H` दाबलं.